मदत हवी आहे: प्रोबेटआधी मामांच्या खात्यातून कोणती बिले भागवावीत?

नमस्कार. इंग्लंडमध्ये एकटे राहणारे माझे मामा मागील महिन्यात वारले. त्यांच्या मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून माझे नाव आहे, परंतु प्रोबेट मिळालेले नाही.

मृत्यूचा दाखला आणि अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थेचे ३,८५० पौंडांचे बिल दिल्यावर बँकेने गोठवलेल्या खात्यातून ती रक्कम थेट त्या संस्थेला चुकती केली. अंत्यसंस्काराचा वाजवी खर्च विनातारण कर्जांच्या आधी फेडला जातो, त्यामुळे एवढे तरी निर्धास्त वाटते. मामांचे कार्ड आणि पिन माझ्याकडे आहेत, पण मृत्यूनंतर ते वापरणे गैर असल्याने मी त्यांना हात लावलेला नाही.

खरी चिंता पुढची आहे. क्रेडिट कार्डची थकबाकी सुमारे ९,००० पौंड असून घरावरील कर्ज फिटल्यावर किती उरेल, हे अद्याप स्पष्ट नाही. मालमत्ता देण्यांपेक्षा कमी भरली आणि मी एखाद्या धनकोला क्रम मोडून आधी पैसे दिले, तर ती तूट मला पदरची भरावी लागू शकते. म्हणून कार्ड कंपनीला मी केवळ मृत्यूची सूचना देऊन थांबण्यास सांगितले आहे.

मात्र रिकाम्या घराचा विमा येत्या आठवड्यात संपतो. तो मी स्वतःच्या पैशांतून भरून पावती जपून ठेवल्यास नंतर इस्टेटीतून वसूल करता येईल ना? तसेच, असा हप्ता भरल्यामुळे एक्झिक्युटरपद नाकारण्याचा माझा हक्क जातो का? ज्यांनी हे स्वतः निभावले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.