वायरशार्कमधल्या काळ्या ओळी: लाइन बदलायची की नाही?

मकरपुरा_मेंटेनन्स

आमचं युनिट मकरपुरा जीआयडीसीत. पुण्याच्या हेड ऑफिसपर्यंत 20 एमबीपीएसची लीज्ड लाइन आहे. पुण्याहून फाइल घेताना वेग पूर्ण मिळतो, पण इथून 75 एमबीचं ड्रॉइंग पाठवलं की दीड मिनिटाच्या वर लागतं, म्हणजे जेमतेम सहा एमबीपीएस. फायरवॉलला जाणारा स्विचचा पोर्ट मिरर करून कॅप्चर घेतलं, तर पडदा काळ्या पट्ट्यांनी भरलाय. अक्षरं लाल. खाली त्यातला तुकडा देतोय. एका फाइलमागे साधारण 52,000 डेटा पॅकेट, 480 रीट्रान्समिशन आणि 5,300 डुप्लिकेट अ‍ॅक. साहेब म्हणतात, हा स्क्रीनशॉट लावून कंपनीला नोटीस पाठव आणि लाइन बदल. पाठवू का?

```
4181 2.417302 10.1.4.22 10.9.0.5  Seq=612741 Len=1460
4206 2.441489 10.9.0.5  10.1.4.22 Ack=612741
4207 2.441612 [TCP Dup ACK 4206#1] Ack=612741 SLE=614201 SRE=615661
4209 2.441735 [TCP Dup ACK 4206#2] Ack=612741 SLE=614201 SRE=617121
4211 2.441858 [TCP Dup ACK 4206#3] Ack=612741 SLE=614201 SRE=618581
4212 2.441960 [TCP Fast Retransmission] Seq=612741 Len=1460
```

दांडियाबजार_स्पष्टवक्ता

बिनधास्त पाठवा. 5,300 वेळा समोरचा ओरडून सांगतोय की माल पोचला नाही, आणखी काय पुरावा हवा? 52,000 मध्ये 5,300 म्हणजे दहा टक्के. दहा टक्के पॅकेट खाणाऱ्या लाइनचे पूर्ण पैसे का भरायचे? आमच्याकडे लाइन बदलली आणि महिनाभरात सगळं सुतासारखं सरळ झालं.

केतकी_नेटवर्क

दहा टक्के नाही हो. हरवलेल्या मालाचा हिशोब डुप्लिकेट अ‍ॅकवरून करायचाच नसतो. पुण्याच्या सर्व्हरला 612741 पासूनचा तुकडा मिळाला नाही. त्यानंतरची पॅकेट मात्र एकापाठोपाठ येत राहिली. त्यातल्या प्रत्येक पॅकेटला तो म्हणतो, "मला अजून 612741 च हवंय." म्हणजे एक पॅकेट पडलं आणि मागे पंधरा वाटेत असतील, तर पंधरा काळ्या ओळी दिसणार. आणि त्या पंधराच्या पंधरा, पॅकेट नीट पोचल्याच्या पावत्या आहेत. SRE बघा, दर ओळीला 1460 ने वाढतोय. मोजायची ती रीट्रान्समिशन. 480 भागिले 52,000 म्हणजे एक टक्क्याच्या आत.

आता एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो किरकोळ नाही. इथे जाऊन-येऊन 24 मिलिसेकंद लागतात, आणि प्रत्येक वेळी पॅकेट पडलं की पाठवणारा हात आखडता घेतो. ढोबळ सूत्राने 1460 बाइट, 24 मिलिसेकंद आणि एक टक्का गळती घातली की उत्तर सहा एमबीपीएसच्या आसपास येतं. नेमका तोच वेग यांना मिळतोय. त्यामुळे पीसी, अँटिव्हायरस, डिस्क यांच्यामागे लागायची गरज नाही. हरकत फक्त "लाइन खराब" या निदानाला आहे.

मांडवीचा_मिहीर

थांबा, मिरर पोर्ट म्हणालात ना? मग हे सगळं खोटं असू शकतं. आमच्याकडे स्विचवर पूर्ण व्हीलॅन मिरर केला होता, दोन्ही दिशांनी. प्रत्येक पॅकेट आत शिरताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा, असं दोनदा कॅप्चर झालं. वायरशार्कने निम्मं ट्रॅफिक रीट्रान्समिशन म्हणून रंगवलं. दोन दिवस सगळं ऑफिस डोकं धरून बसलं होतं, आणि नेटवर्क ठणठणीत होतं. आधी `editcap -d` चालवा, नक्कल झालेली पॅकेट उडवा, मग बोला.

केतकी_नेटवर्क

शंका रास्त आहे, पण इथे लागू होत नाही. मिररची नक्कल काही मायक्रोसेकंदांत येते आणि तिचा आयपी आयडी मूळ पॅकेटचाच असतो. इथे मूळ पॅकेट 2.417 ला गेलं आणि दुसरं 2.442 ला, तेही तीन डुप्लिकेट अ‍ॅक येऊन गेल्यावर. मकरपुरावाले, 4181 आणि 4212 उघडून दोन्हींचा Identification आकडा बघून घ्या, वेगळा असेल.

मिररचा खरा उपयोग दुसराच झालाय. मूळ 4181 आपल्या कॅप्चरमध्ये आहे. म्हणजे पॅकेट फायरवॉलच्या दारापर्यंत धडधाकट पोचलं आणि पुढे कुठेतरी पडलं. हेच कॅप्चर पुण्यात घेतलं असतं, तर 612741 च्या जागी भोक दिसलं असतं आणि त्यापुढच्या ओळीवर `TCP Previous segment not captured` असं आलं असतं. तुमचा पीसी, वायरिंग आणि स्विच यातून सुटले. फायरवॉल अजून सुटलेली नाही.

निवृत्त_टेलिकॉम

ताई, फायरवॉल आणि कंपनीचा मीडिया कन्व्हर्टर यांच्यामधली तार बघायला सांगा. माझी उभी हयात यात गेली. कन्व्हर्टर 100 फुल डुप्लेक्सवर कुलूप लावून ठेवलेला असतो आणि आपला पोर्ट ऑटोवर. ऑटोला समोरून काही उत्तर मिळत नाही, तेव्हा तो वेग ओळखतो पण डुप्लेक्स हाफ धरतो. एक जण मन मानेल तेव्हा बोलतो, दुसरा आधी कानोसा घेतो. पिंग एकदम स्वच्छ, आणि फाइल टाकली की चिखल. शंभर टक्के हेच.

मकरपुरा_मेंटेनन्स

आयपी आयडी वेगळेच आहेत. काका, फायरवॉल लिनक्सवरची आहे. `ethtool eth1` मध्ये 100Mb/s, Full दाखवतंय.

निवृत्त_टेलिकॉम

तुमची बाजू फुल दाखवते म्हणून समोरची फुल असेलच असं नाही. `ethtool -S eth1` मध्ये सीआरसी एरर बघा. समोरचा हाफ असेल तर त्याची अर्धवट तुटलेली फ्रेम तुमच्याकडे सीआरसी एरर म्हणून मोजली जाते.

मकरपुरा_मेंटेनन्स

शून्य. फाइल पाठवताना परत बघितलं, तरी शून्य.

केतकी_नेटवर्क

मग काका, तो मुद्दा बाद. शिवाय डुप्लेक्सचा घोळ असता तर पुण्याहून येणारी फाइलही लंगडली असती, ती तर पूर्ण वेगाने येतेय.

माझा संशय वेगळा आहे, आणि तो या तुकड्यातच दिसतो. दोन डुप्लिकेट अ‍ॅकमधलं अंतर बघा: 0.123 मिलिसेकंद. 1514 बाइटची फ्रेम 100 एमबीपीएसच्या तारेवरून जायला साधारण 0.12 लागतात, 20 एमबीपीएसवर 0.6. म्हणजे पॅकेट पुण्याला 100 च्या वेगाने, एकमेकांना खेटून पोचताहेत. वाटेत त्यांना कुणीही रांगेत उभं केलेलं नाही. कंपनीच्या टोकाला 20 ची मर्यादा रांग लावून पाळली जात नसावी, तर कोटा संपला की पुढचं पॅकेट सरळ टाकून देऊन पाळली जात असावी. पॉलिसर म्हणतात तो प्रकार.

पडताळायचं असेल तर Statistics, TCP Stream Graphs, Round Trip Time उघडा. रांग भरून पॅकेट पडत असतील तर पडण्याआधी वेळ 24 वरून 60, 80, 100 असा चढत जातो. पॉलिसर असेल तर तो 24 वर सपाट राहतो आणि मग अचानक पॅकेट गायब होतं. त्याशिवाय पुण्यात `iperf3 -s` लावून इथून वेग बदलत मारा:

```
iperf3 -u -c 10.9.0.5 -b 10M -t 30
iperf3 -u -c 10.9.0.5 -b 18M -t 30
iperf3 -u -c 10.9.0.5 -b 24M -t 30
```

10 आणि 18 लाही पॅकेट पडली तर मी चूक, मग खुशाल नोटीस पाठवा.

अलकापुरीची_ऋजुता

माझ्या घरी वायफायवर पण हेच होतं का? राउटर वरच्या मजल्यावर आहे, खाली कॉल तुटतात. वायरशार्कमध्ये मात्र काळी ओळ एखादीच दिसते.

मांडवीचा_मिहीर

ते वेगळं. वायफाय रेडिओ स्वतःच्या पातळीवर परत परत पाठवून बघतो, ते टीसीपीपर्यंत येतच नाही. तुला फक्त उशीर दिसेल. त्याचा वेगळा धागा काढ, इथे आधीच गर्दी झालीय.

मकरपुरा_मेंटेनन्स

आलेख सपाट आहे, 24 ते 25 च्या मध्ये, आणि पॅकेट पडतं तिथेही चढ नाही. आयपर्फ: 10 ला गळती नाही, 18 ला नाही, 24 ला जवळपास पाचवा हिस्सा गेला.

दांडियाबजार_स्पष्टवक्ता

म्हणजे मी म्हणत होतो तेच! पॅकेट कंपनीच टाकतेय. मी 20 चे पैसे भरतो आणि मला सहा मिळतात. कोटा रांग लावून पाळा की, टाकून कशाला देता? पुण्याकडून येताना जमतं, मग बडोद्याहून जाताना का नाही? ग्राहकाने आलेख काढत बसायचे, हा कुठला न्याय?

केतकी_नेटवर्क

18 ला एकही पॅकेट पडलं नाही, हे तुम्ही सोयीने सोडताय. करारात 20 लिहिलंय, लाइन 20 देते. आपली फायरवॉल 100 च्या वेगाने धडाधड फेकते आणि ज्यादाचं पडतं. नोटिशीला ते हाच यूडीपीचा निकाल जोडून उत्तर देतील आणि तुमचा स्क्रीनशॉट केराच्या टोपलीत जाईल. रांग आपल्याच दारात लावा:

```
tc qdisc replace dev eth1 root tbf rate 19mbit burst 15k latency 50ms
```

निवृत्त_टेलिकॉम

इथे मी त्या गृहस्थांच्या बाजूचा आहे. पॉलिसर लावायला हरकत नाही, पण बर्स्ट इतका कंजूष ठेवला की टीसीपी 20 पर्यंत चढूच शकत नाही. तो बर्स्ट किती ठेवलाय हे कंपनीला लेखी विचारा, आणि वाढवून मागा. त्यांच्याकडे दोन मिनिटांचं काम आहे. तुमचा शेपर म्हणजे त्यांच्या आळसाची भरपाई तुमच्या फायरवॉलने करायची.

केतकी_नेटवर्क

विचारायला माझी ना नाही. पण उत्तर येईपर्यंत ड्रॉइंग तर जायला हवीत.

मकरपुरा_मेंटेनन्स

शेपर लावला. तेच ड्रॉइंग 35 सेकंदांत गेलं. काळ्या ओळी अजून आहेत, पण हातावर मोजण्याइतक्या. आलेख मात्र आता 24 वरून 70 पर्यंत चढतो. साहेब खूश होते, तोवर डिस्पॅचवाल्यांची तक्रार आली: फाइल जात असताना पुण्याशी चालू असलेला फोन अडखळतो. फोन याच लाइनवरून जातात.

मांडवीचा_मिहीर

फोन फाइलच्या मागे रांगेत उभा राहतोय. `latency` 50 वरून 15 करा.

केतकी_नेटवर्क

15 केलंत तर रांग लहान होईल आणि पॅकेट परत पडायला लागतील, फक्त पाडणारे आपण असू. त्यापेक्षा tbf काढून 19 चा htb लावा, त्यात फोनला वेगळा वर्ग द्या आणि बाकीच्यांना `fq_codel`. फोनच्या पॅकेटवर डीएससीपीची खूण येते का, ते आधी त्याच मिरर पोर्टवर बघून सांगा. खूण नसेल तर वर्ग पोर्ट नंबरवरून पाडावा लागेल.

दांडियाबजार_स्पष्टवक्ता

नोटीस मी तरी पाठवलीच असती.