टाकीतला गाळ कसा काढायचा आणि ब्लीचिंग किती घालायचं?

निळी_छत्री: गच्चीवर हजार लिटरची प्लास्टिकची टाकी आहे, तळाला बोटभर गाळ. मागच्या खेपेला पाणी सोडून दिलं आणि ब्रश मारला, तर गाळ पाइपात उतरून बेसिनचे नळ तुंबले. माणूस लावायचा नाहीये, घरचे दोघंच करणार आहोत.

रेवती_म: माणूसच लावा हो. आम्ही मशीनवाल्यांना बोलावलं, तासाभरात टाकी लख्ख.

अण्णा६०: तुरटी फिरवा, गाळ खाली बसतो. मी कायम हेच करत आलोय.

निळी_छत्री: अण्णा, गाळ बसलेलाच आहे. तो बाहेर काढायचाय.

पाना_पक्कड: घरात जाणारा व्हॉल्व्ह आधी बंद करा, मगच टाकीला हात लावा. मागच्या वेळी तेच राहिलं. आउटलेट तळापासून थोडं वर असतं, त्यामुळे खाली पाणी उरतंच. ते ढवळू नका. नळी पाण्याने भरून तिचं एक टोक टाकीत आणि दुसरं टाकीच्या तळापेक्षा खाली सोडा, आणि आतलं टोक गाळावरून सावकाश फिरवा. पारदर्शक नळी असेल तर चहाच्या चोथ्यासारखा गाळ जाताना दिसतो. उरलेला मगाने आणि स्पंजने टिपा. तारेचा ब्रश नको, त्याचे चरे पडतात आणि शेवाळ तिथेच धरतं.

धारानृत्य: मी आधी अ‍ॅसिड टाकतो, मग ब्लीचिंग. डाग साफ जातात.

पाना_पक्कड: असं अजिबात करू नका! दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि टाकीत वाकलेल्या माणसाला बाहेर पडायलाही वेळ मिळत नाही. आत उतरायचंच असेल तर ब्लीचिंगच्या आधी, आणि दुसऱ्याने झाकणापाशीच थांबायचं.

रेवती_म: पण ब्लीचिंग किती, ते कोणी सांगतच नाहीये. आमच्याकडे मूठभर टाकतात.

पाना_पक्कड: मुठीवर जाऊ नका. लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन हवं, म्हणजे हजार लिटरला ५० ग्रॅम. ताज्या पावडरीत क्लोरीन साधारण तिसरा हिस्सा असतं, म्हणून दीडशे ग्रॅम. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओता. टाकी भरली की व्हॉल्व्ह उघडा आणि प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडून नळ बंद करा. फिल्टरकडे जाणारी लाइन मात्र बंदच ठेवा. २४ तासांनी सगळं पाणी सोडून द्या, झाडांना घालू नका.

अण्णा६०: २४ तास कशाला? चार तास पुरतात.

पाना_पक्कड: चार तासांवर माझा भरवसा नाही, अण्णा.

निळी_छत्री: आमची पावडरची पिशवी वर्षभर उघडीच पडलीय, म्हणजे तिचा जोर गेलाच असणार. त्यापेक्षा ५ टक्क्यांचं, सुगंध न घातलेलं सोडियम हायपोक्लोराइट एक लिटर आणते, हिशोब तोच बसतो. आणि पूर्ण दिवस बिनपाण्याचा काढणं आम्हाला जमणार नाही. रात्री नऊला भरून सकाळी सातला सोडणार.

पाना_पक्कड: हायपोक्लोराइट चालेल, पण बाटलीवरची तारीख बघा, तेही जुनं झालं की उतरतं. दहा तासांचं माझ्या मनाला पटत नाही. निदान वास जाईपर्यंत टाकी धुऊन घ्या, मगच प्यायचं पाणी भरा.