शब्द हवाय : फुली प्लास्टिक मोमेंट आणि शेप फॅक्टर

मेघना_मिरज
नमस्कार मंडळी. डिप्लोमा सिव्हिलच्या मुलांसाठी मराठीत नोट्स लिहितेय, आयताकृती बीमच्या छेदाचा धडा आलाय आणि दोन शब्दांवर अडलेय. एक फुली प्लास्टिक मोमेंट आणि दुसरा शेप फॅक्टर. माझ्याकडे आधीच्या कुणीतरी केलेल्या हस्तलिखित नोट्स आहेत त्यात पहिल्याला "पूर्ण प्लास्टिक क्षण" लिहिलंय, ते वाचून मुलं मला विचारतात की मॅडम हा बीम प्लास्टिकचा असतो का आणि क्षण म्हणजे किती सेकंद. मोमेंटला परिबल लिहायचं की आघूर्ण, आणि प्लास्टिकचं काय करायचं? शेप फॅक्टरला मी आकार घटक लिहिलंय पण मन भरत नाहीये.

शब्दवेडी
परिबल लिहा. मराठीत नमन परिबल, निरूढी परिबल हे शब्द आधीपासून आहेत, आघूर्ण पण चालतो पण मुलांच्या तोंडी बसत नाही. प्लास्टिकला सुघट्य. घडवता येतं, दिलेला आकार धरून ठेवतं ते सुघट्य, कुंभाराची ओली माती जशी. आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही तोच आहे, घडवण्याजोगं. बादल्यांचं प्लास्टिक नंतर आलं, त्याला ते नाव मिळालं तेच मुळी साच्यात घडवता येतं म्हणून. त्यामुळे सुघट्य हा ओढूनताणून केलेला शब्द नाहीये, नेमका आहे.

पूलवाला
आमच्याकडे शेप फॅक्टर म्हणजे रबराच्या थरावर लोड बसतो ते क्षेत्रफळ भागिले त्याच थराच्या मोकळ्या कडांचं क्षेत्रफळ. जितका जास्त तितकं रबर बाजूला कमी फुगतं आणि बेअरिंग कडक होतं. त्याला आकार गुणांक म्हणता येईल. मेघनाताई तुमच्या बीमखाली कुठलं बेअरिंग आहे ते सांगा म्हणजे आकडा काढून देतो.

मेघना_मिरज
नाही हो दादा, बेअरिंगचा नाही, बीमच्या स्टीलच्या छेदाचा. आयताला दीड येतो तो.

पूलवाला
अच्छा तो. मग मी वेगळ्याच गावाला गेलो होतो. पण बघा, एकाच नावाचे दोन फॅक्टर आहेत म्हणजे मराठीत नाव देताना नुसतं आकार-काहीतरी म्हणून भागणार नाही.

जुना_स्ट्रक्चरवाला
मेघनाताई, शब्द ठरवण्याआधी त्या दीडच्या आत काय आहे ते एकदा पट्टीवर बघू, मग नाव आपोआप सुचेल. २० मिमी जाड, १०० मिमी खोल अशी स्टीलची पट्टी उभी ठेवा, यील्ड स्ट्रेस २५० न्यूटन प्रति चौ. मिमी धरा, आणि बाजूला कलंडू नये म्हणून तिला आधार आहे असं समजा. लोड वाढवत नेला की सगळ्यात आधी वरची आणि खालची कड २५० ला पोचते. त्या वेळी मधल्या अक्षाजवळचं स्टील जवळजवळ रिकामं बसलेलं असतं, स्ट्रेसचा आलेख त्रिकोणी असतो. वरच्या अर्ध्या भागातलं एकूण दाबाचं बल येतं १२५ किलोन्यूटन, खालचं ताणाचं तेवढंच, आणि दोघांतलं अंतर खोलीच्या दोन तृतीयांश म्हणजे ६६.७ मिमी. गुणाकार केला की ८.३३ किलोन्यूटन मीटर. हे झालं यील्ड मोमेंट.

आता आणखी वाकवा. कडेचं स्टील २५० च्या वर जात नाही, नुसतं लांबत राहतं, आणि तोवर आतले थर एकेक करून २५० ला येतात. शेवटी अख्खा वरचा अर्धा भाग दाबात २५० वर, अख्खा खालचा ताणात २५० वर. बल दुप्पट झालं, २५० किलोन्यूटन. पण अंतर कमी झालं कारण आता आलेख आयताकृती आहे, दोन्ही बलं आपापल्या अर्ध्या भागाच्या मध्यावर बसतात, अंतर ५० मिमी. गुणाकार १२.५. म्हणजे बल दुप्पट, हात पाऊणपट, म्हणून दीड. मुलांना नुसतं

```
Ze = b*d^2/6
Zp = b*d^2/4
Zp/Ze = 1.5
```

एवढं दिलं की ती पाठ करतात, पण हा दुप्पट-पाऊणपटचा हिशोब एकदा हाताने केला की विसरत नाहीत. आणि एक चूक मी पेपरात कायम बघतो, बल दुप्पट करतात आणि हात मात्र जुनाच ६६.७ ठेवतात, उत्तर येतं १६.६७ आणि फॅक्टर २. आयताला दीडशिवाय दुसरं काही आलं की समजायचं हात बदलायचा राहिला.

चाकणकर
काका मस्त. म्हणजे थोडक्यात शेप फॅक्टर म्हणजे राखीव ताकद ना, जेवढा फॅक्टर जास्त तेवढा छेद चांगला आणि आयताचा बीम डिझाइनपेक्षा दीडपट लोड घेतो म्हणजे दीडची सेफ्टी फुकट मिळाली. मग नाव "राखीव गुणक" ठेवा की, मुलांना लगेच कळेल.

जुना_स्ट्रक्चरवाला
राखीव हा शब्द अर्धा बरोबर आहे चाकणकर, पहिल्या यील्डनंतर किती शिल्लक आहे ते तो सांगतो हे खरं. पण फॅक्टर जास्त म्हणजे छेद चांगला हे मात्र नाही. ४० मिमीचा चौरस बार घ्या, तेच २५० चं स्टील. सपाट ठेवला तर यील्ड मोमेंट २.६७ आणि पूर्ण सुघट्य ४.०, फॅक्टर दीड. तोच बार ४५ अंशात फिरवून टोकावर उभा केला, शंकरपाळ्यासारखा, तर फॅक्टर येतो २. ऐकायला भारी. पण यील्ड मोमेंट पडतं १.८९ वर आणि पूर्ण सुघट्य ३.७७, म्हणजे दोन्ही आधीपेक्षा कमी. फॅक्टर वाढला तो शेवटची ताकद वाढली म्हणून नाही, सुरुवातच लवकर बिघडली म्हणून, कारण टोकाचं जरासं स्टील फार आधी यील्ड होतं. उलट आय सेक्शनचा फॅक्टर १.१५ च्या आसपास असतो आणि तेवढ्याच स्टीलमध्ये तो आयताला कुठल्या कुठे मागे टाकतो, कारण त्याचं स्टील आधीपासूनच कडेला कामाला लावलेलं असतं, मधे आळशी बसलेलं फारसं नसतंच. म्हणून राखीव गुणक नाव दिलं तर मुलं तुमच्यासारखंच समजतील.

आणि फुकट सेफ्टीचं म्हणाल तर IS 800:2007 मध्येच त्याला लगाम आहे. दोन्ही टोकांना साधा टेकू असेल तर डिझाइन मोमेंट 1.2 Ze fy/γm0 च्या वर घेता येत नाही, रोजच्या लोडखाली कायमचा बाक बसू नये म्हणून. आपल्या पट्टीला १.१० ने भागून ११.३६ मिळायला हवं होतं, ते ९.०९ वर अडतं. कॅन्टिलिव्हरला ती मर्यादा १.५ आहे. आय सेक्शनला हा लगाम सहसा जाणवतच नाही, आयताला मात्र बरोबर गळ्याशी येतो.

चाकणकर
हे १.२ चं मला माहीत होतं पण कशासाठी ते आज कळलं. शंकरपाळा लक्षात राहील.

भोसरी_फॅब्रिकेटर
मी इंजिनिअर नाही, वर्कशॉप आहे. आम्ही पट्ट्या वाकवतो रोज. आमच्यात दोनच शब्द, लवली आणि वाकली. हात सोडल्यावर परत सरळ झाली तर लवली, बाक तसाच राहिला तर वाकली. पण माझा अनुभव असा की पार वाकवलेली पट्टी पण सोडली की थोडी मागे येतेच, म्हणून काटकोन हवा तर दोनतीन अंश जास्त वाकवावं लागतं. मग पूर्ण सुघट्य कशी म्हणता, पूर्ण असती तर अजिबात मागे आली नसती ना?

जुना_स्ट्रक्चरवाला
फार चांगला प्रश्न विचारलात दादा. इथला पूर्ण हा शब्द त्या छेदातल्या स्ट्रेसबद्दल आहे, पट्टीच्या वागण्याबद्दल नाही. हात सोडता तेव्हा स्टील जिथे असेल तिथून लवचिक वागत मागे येतं, यील्ड झालेलं स्टीलसुद्धा. सोडणं म्हणजे तेवढंच मोमेंट उलट्या दिशेने लावणं, आणि ते जुन्या त्रिकोणी आलेखानेच लागतं. तो त्रिकोण कडेला २५० चा दीडपट म्हणजे ३७५ चा होतो, कडेवर होते २५०, म्हणून सोडल्यावर कडेला उलट्या दिशेचे १२५ शिल्लक राहतात. पट्टीवर काहीच लोड नसतं तरी आत ही ओढाताण असते. तुमची वाकवलेली पट्टी नंतर मधोमध चिरली किंवा एका बाजूने मशीन केली की वेडीवाकडी होते ना, ती यामुळे.

भोसरी_फॅब्रिकेटर
होते होते. आम्ही माल खराब आला म्हणून सप्लायरला बोलायचो.

शब्दवेडी
मला यातून एक भाषेचा मुद्दा दिसतोय. "पूर्ण सुघट्य परिबल" म्हटलं की पूर्ण आणि सुघट्य ही दोन्ही विशेषणं परिबलाला चिकटतात, जसं काही परिबलच सुघट्य झालं. खरं तर सुघट्य झालाय छेद. मग "पूर्ण-सुघट्य छेदाचं परिबल" म्हणावं का? लांब आहे पण खोटं नाही.

मेघना_मिरज
मला हे आवडलं. पहिल्यांदा लांब लिहीन, मग पुढे सुघट्य परिबल. पण काका एक शंका, अख्खा छेद २५० वर जातो म्हणताय पण अगदी मधल्या अक्षावर तर ताणही नाही दाबही नाही, मग तिथलं स्टील कसं पोचेल?

जुना_स्ट्रक्चरवाला
पोचत नाहीच. वक्रता पहिल्या यील्डच्या दुप्पट केली तर मधला ५० मिमीचा गाभा अजून लवचिक असतो आणि मोमेंट ११.४६ झालेलं असतं. पाचपट केली तर गाभा २० मिमी उरतो आणि मोमेंट १२.३३. गाभा कधीच शून्य होत नाही, १२.५ ही गाठायची नाही तर जवळ जात राहायची संख्या आहे. पण पाचपटीलाच एक-दीड टक्का फरक उरलाय म्हणून हिशोबात १२.५ धरतात. खऱ्या स्टीलमध्ये पुढे स्ट्रेन हार्डनिंग सुरू होतं आणि मोमेंट १२.५ च्या वरही जाऊ शकतं, त्यामुळे तो पूर्ण हा शब्द दोन्हीकडून कल्पनेतलाच आहे.

पूलवाला
मग त्याच धड्यात प्लास्टिक हिंज येईल, त्याला सुघट्य बिजागरी म्हणणार का? दाराची बिजागरी तर बोटाने फिरते, ही १२.५ लावल्याशिवाय हलत नाही.

शब्दवेडी
गंजलेली बिजागरी म्हणून समजावता येईल, ठरावीक जोर लावेपर्यंत ढिम्म आणि मग त्याच जोरावर फिरत राहते.

जुना_स्ट्रक्चरवाला
उपमा चांगली आहे, फक्त बिजागरी म्हटलं की एक बिंदू डोळ्यासमोर येतो तेवढं सांभाळा. आपली पट्टी २ मीटरच्या साध्या टेकूंवर ठेवून मधोमध लोड दिला, तर २५ किलोन्यूटनला मधल्या छेदात सुघट्य परिबल येतं, पण कडा यील्ड झालेला पट्टा एक तृतीयांश गाळ्याएवढा असतो, जवळपास ६६७ मिमी. तो एक तृतीयांश पण त्याच दीडमधून येतो, आय सेक्शनला फॅक्टर कमी म्हणून पट्टाही आखूड. हंगेरीच्या गाबोर काझिन्त्सींनी १९१४ मध्ये दोन्ही टोकं पक्की बसवलेल्या स्टीलच्या बीमवर प्रयोग करून दाखवलं होतं की असा बीम एका ठिकाणी यील्ड झाला म्हणून पडत नाही, तीन ठिकाणी बिजागऱ्या झाल्या की पडतो. बिजागरी हा शब्द तिथे फार कामाचा आहे, तो सोडू नका.

मेघना_मिरज
ठीक, बिजागरी राहील. आता शेप फॅक्टरचं सांगा. घटक नको हे पटलं, घटक म्हणजे भाग असं मुलांना वाटतं.

शब्दवेडी
आकार गुणोत्तर? दोन संख्यांचा भागाकारच आहे.

चाकणकर
गुणोत्तर म्हटलं की मुलं लांबी भागिले रुंदी करतील, २० आणि १०० दिलेत म्हणजे ५. खरं तर २० बाय १०० असो की १०० बाय २०, आयताला दीडच, b आणि d दोन्ही उडून जातात.

शब्दवेडी
बरोबर आहे तुमचं. मग आकार गुणक? यील्ड मोमेंटला ज्याने गुणलं की सुघट्य परिबल मिळतं तो.

पूलवाला
माझ्या रबराला पण मग आकार गुणकच म्हणावं लागेल.

जुना_स्ट्रक्चरवाला
मी वर्गात शेप फॅक्टरच म्हणतो खरं सांगायचं तर, कारण कोडमध्ये आणि पुढच्या पुस्तकात मुलांना तेच दिसणार आहे. पण मराठीत लिहायचं तर छेदाचा आकार गुणक, छेदाचा हा शब्द गाळायचा नाही, म्हणजे पूलवाल्यांच्या रबराशी गल्लत नाही होणार.

मेघना_मिरज
गुणक लिहिते सध्या, शेजारी शेप फॅक्टर पण ठेवते. आणि भोसरीच्या दादांचं लवली-वाकली पहिल्याच पानावर घेतेय, चालेल ना?

भोसरी_फॅब्रिकेटर
घ्या की ताई. मुलांना एकदा पाठवा इकडे, पट्टी स्वतःच्या हाताने वाकवून बघू दे.