टाकीच्या व्हिडिओचा खुलासा: मजकूर बघून घ्या

ए-३०२: मंडळी, परवाच्या माझ्या व्हिडिओतला १२ सेकंदांचा तुकडा फिरला. त्यात "टाकीतलं पाणी पिऊ नका" एवढंच आहे. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकल्यावर अर्धा तासच थांबायचंय, हे पुढचं वाक्य कापलं गेलं. सी विंगनं अख्खी टाकी सोडून दिली. लातुरात, ऐन मे महिन्यात, ५००० लिटर गटारात. फार वाईट वाटतंय. आज खुलासा रेकॉर्ड करतो. सुरुवात अशी लिहिलीय: "पाणी पिऊ नका असं मी म्हणालोच नव्हतो. काहींनी व्हिडिओ पूर्ण पाहिला नाही, म्हणून गैरसमज झाला."

सी-२०१: दादा, आमच्याकडं तुकडाच आला हो. पूर्ण कुठून बघणार? आईला वाटलं पाण्यात काही विषारी पडलं. घाबरून तिनंच वॉल्व्ह उघडायला लावला.

बी-१०४ काकू: "पूर्ण पाहिला नाही" हे काढाच. जेवढं कानावर आलं त्यावरून कुणीही हेच केलं असतं. थांबा हे तुम्ही आधी बोललात, किती वेळ ते नंतर. चूक तिथं झाली.

ए-३०२: पटलं काकू. काढतो.

ए-१०२: मी बातम्यांचं एडिटिंग करतो म्हणून सांगतो. "पिऊ नका" हे शब्द खुलाशात आणूच नका, नाकारायला सुद्धा नाही. पुन्हा तेवढेच कापून फिरतील. आणि "अर्धा तास" व "प्या" एकाच वाक्यात, एका दमात घ्या. मध्ये श्वास घेतला की तिथंच कात्री लागते. तेच वाक्य स्क्रीनवर शेवटपर्यंत ठेवा, तारखेसह. आवाज बंद करून बघणारे खूप असतात.

ए-३०२: आता बघा:

"टीसीएल टाकल्यापासून अर्ध्या तासानं टाकीचं पाणी प्या. क्लोरिनला जंतू मारायला तेवढा वेळ लागतो. टाकी रिकामी करायची गरज नाही. अर्ध्या तासानंतर मी नळाच्या पाण्यात क्लोरिन तपासायचे ओटीचे थेंब टाकून बघेन. फिकट पिवळा रंग आला की पाणी तयार, ग्रुपवर फोटो टाकतो. रंगच आला नाही तर क्लोरिन संपलंय, पुन्हा मात्रा देऊ. परवा मी वेळ आधी सांगायला हवी होती, ते राहिलं. सी विंगची माफी मागतो."

बी-१०४ काकू: चांगलं झालं. फक्त ओटी टाकलेलं पाणी फेकून द्यायचं, हेही बोला. लहान लेकरं बघतात.

ए-१०२: आणि तुकडा ज्या ज्या ग्रुपवर गेला तिथं तिथं हा पाठवा. इथला जुना व्हिडिओ काढला तरी फॉरवर्ड झालेले राहतातच.

सी-२०१: भाच्याच्या ग्रुपवर मीच टाकला होता, तिथं मी पाठवते. टँकर ४ वाजता येतोय. टीसीएल त्यानंतरच टाकायचीय ना? मग टाकीपाशीच रेकॉर्ड करा, आईला पिवळा रंग दिसू द्या.