समतापी म्हणजे उष्णता आतबाहेर होत नाही तीच प्रक्रिया ना?

सायली_बारावी: आमच्या सरांच्या नोट्समध्ये आयसोथर्मलला समतापी लिहिलंय. ताप म्हणजे उष्णता, ती सम म्हणजे बदलत नाही, मग ॲडियाबॅटिक पण तीच झाली की? आणि गणितात विचारलंय की वायू दाबताना कशात जास्त वर्क लागतं, ते पण सांगा.

गणपुले काका: इथला ताप म्हणजे तापमान गं, उष्णता नाही. उलट समतापी दाबण्यात उष्णता भरपूर बाहेर जाते, तू दट्ट्या ढकलून जेवढी ऊर्जा आत घालतेस तेवढी सगळी भिंतीतून निघून जाते म्हणून तर तापमान जागचं हलत नाही. ॲडियाबॅटिकमध्ये उष्णतेला वाटच नसते, सगळं वर्क वायूतच राहतं आणि तो तापतो.

रोहन_सीईटी: वर्क कायम ॲडियाबॅटिकमध्ये जास्त, पाठच करून टाक. पीव्ही ग्राफवर त्याची रेष जास्त उभी असते म्हणून खालचं क्षेत्रफळ जास्त, संपला विषय.

गणपुले काका: रोहन, कायम नाही रे. कुठपर्यंत दाबायचं ते आधी विचार. १ लिटर हवा घे, १ बार, ३०० केल्विन, बंद सिलिंडर. आकारमान निम्मं करायचं असेल तर समतापीत शेवटी २ बार, तापमान तेच ३००, वर्क साधारण ६९ ज्यूल. ॲडियाबॅटिकमध्ये TV^0.4 कायम धरलं की तापमान ३९६ केल्विन म्हणजे जवळपास १२३ सेल्सिअस येतं, दाब २.६४ बार आणि वर्क ८० ज्यूल. इथपर्यंत तुझं बरोबर.
पण आता आकारमान सोड आणि म्हण की दोन्हींत दाब २ बार झाला की थांबायचं. ॲडियाबॅटिकमध्ये हवा तापल्यामुळे दाब लवकर चढतो, ०.६१ लिटरलाच २ बार होतात, तापमान ३६६, वर्क फक्त ५५ ज्यूल. समतापीला मात्र तेच ६९, कारण दट्ट्या अर्ध्यापर्यंत न्यावा लागतो. रेष उभी आहे हे खरंच, पण ती मधेच थांबली ना.

रोहन_सीईटी: अरे हो, क्षेत्रफळ कुठून कुठपर्यंत मोजायचं तेच बदललं 😅

कॉम्प्रेसरवाला_भोसरी: काका माफ करा पण हे पटत नाही, आम्ही रोज कॉम्प्रेसर बघतो, दाब ठरलेला असतो आणि हवा तापली की मोटर जास्तच करंट खाते, म्हणून तर दोन स्टेजच्या मधे इंटरकूलर टाकतात, तो घाण झाला की दुसऱ्या स्टेजची हवा लगेच भाजायला लागते. तुमच्या हिशोबाने तापलेलीच स्वस्त पडते म्हणजे इंटरकूलर काढून टाकायचा का?

गणपुले काका: नका काढू 😄 माझा हिशोब बंद सिलिंडरचा आहे, एकदा दाबलं की झालं. तुमचं मशीन हवा आत ओढतं, दाबतं आणि वर २ बारच्या लाइनमध्ये ढकलून पण देतं. गरम हवा जास्त जागा खाते, ती ०.६१ लिटर ढकलायची की ०.५ लिटर, तिथे फरक पडतो. ओढताना बाहेरची हवा करते ती मदत वजा केली तर एका फेरीला समतापीत ६९ आणि ॲडियाबॅटिकमध्ये ७७ ज्यूल येतात. म्हणजे मशीनसाठी तुमचंच बरोबर, आणि दाब जितका वर न्याल तितका हा फरक वाढतो.

कॉम्प्रेसरवाला_भोसरी: हां मग ठीक. तसं पण टाकीत हवा शेवटी गारच होते, आणि खाली पाणी साठतं ते वेगळंच.

मेधा_नाशिक: माझा सायकलचा पंप भराभर मारला की खालून चटका बसतो, तो घर्षणाने ना? आत वॉशर घासतो.

गणपुले काका: थोडं घर्षण आहेच, पण मुख्य कारण हवा दाबली जाते ते. व्हॉल्व्हला न जोडता तोंड उघडं ठेवून तितक्याच वेगाने मारून बघा, वॉशर तेव्हाही घासतो पण तेवढा चटका बसत नाही. तोंड बंद करून झटकन दाबा आणि तसाच धरून ठेवा, हात सैल पडल्यासारखा वाटेल, कारण आतली हवा गार होत २.६४ वरून २ बारकडे उतरते. हे झालं आपल्या निम्म्या आकारमानाच्या उदाहरणाचं, खऱ्या पंपात गळती असते, आकडे जुळायचे नाहीत.

सायली_बारावी: कळलं, पण मग ॲडियाबॅटिकला मराठीत काय लिहू? हिंदी पुस्तकात रुद्धोष्म आहे. मी उष्णतारोधी लिहिलं तर?

मेधा_नाशिक: उष्णतारोधी छान आहे की, लगेच कळतं.

गणपुले काका: त्याने भिंत डोळ्यासमोर येते. पंपाला कुठे उष्णतारोधक भिंत आहे, तो साधा धातूचा, नुसता वेग इतका की उष्णता निघायला वेळ मिळत नाही. मला रुद्धोष्म चालेल.

रोहन_सीईटी: रुद्धोष्म वाचून कोणाला काय कळणारे काका, ॲडियाबॅटिकच लिही.