मदत हवी आहे: रातांब्यांसाठी लाखभर रुपये, सावकार की भिशी?

कुडाळकर_आगळवाला: कोकमाच्या आगळाचा धंदा सुरू करून दुसरंच वर्ष. पाऊस पडायच्या आत रातांबे उचलायला एक लाख हवेत, बागायतदार रोख मागतात. मुंबईचा दुकानदार माल पोचल्यावर ४५ दिवसांनी पैसे देतो. ओळखीतले एक काका शेकडा ५ महिना म्हणतात, पहिलं व्याज कापून ९५ हजार हातात, शिवाय सही केलेले दोन कोरे चेक. दुसरी वाट बाजारातली लिलावाची भिशी: २० जण, दरमहा ५ हजार. जमलेल्या लाखातले २० हजार सोडले तर पहिल्याच महिन्यात मिळेल म्हणतात. काय करू?

रत्नांग्री_तात्या: प्रक्रिया उद्योगाला सरकारी अनुदान असतं की! अर्ज करा.

कुडाळकर_आगळवाला: तात्या, ते यंत्रांसाठी. मला फळाचे पैसे हवेत, तेही या आठवड्यात.

पतपेढीतला_निवृत्त: शेकडा ५ म्हणजे वर्षाला ६० टक्के. २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवाना लागतो आणि विनातारण व्यापारी कर्जाला वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. काकांना परवाना दाखवा म्हणा, मग तोंड बघा. खरी भीती कोऱ्या चेकची. त्यात हवा तो आकडा भरून बँकेत टाकला, चेक परत गेला, की १३८ ची केस तुमच्यावर. घेतले किती होते हे तुम्ही सिद्ध करत बसायचं.

मालवणी_चाकरमानी: भिशी नोंदणीकृत असेल तर बिनधास्त घ्या.

पतपेढीतला_निवृत्त: अर्धं बरोबर. नोंदणी असली तर चालक पळण्याची भीती कमी. पण यांचं दुखणं वेगळं आहे. हातात ८० हजार. सोडलेले २० हजार वीस जणांत वाटले, म्हणजे यांनाही हजार परत. गरज मात्र दोन महिन्यांची आणि हप्ते आणखी १९ महिने! ऑगस्टात, विक्री थंडावलेली असताना, ते कुठून भरणार?

देवबागचा_रापणकर: आमच्याकडे डिझेल-बर्फाला दलालाकडून उचल घेतात. व्याज नाही म्हणतो, पण मासळी त्यालाच, त्याच्याच भावाने. जून-जुलैच्या बंदीत पुन्हा उचल. मी चार वर्षं सुटलो नाही. तुमच्या दुकानदाराकडून आगाऊ घेतलीत तर आधी भाव लिहून घ्या.

पतपेढीतला_निवृत्त: हे लाख मोलाचं. माझं मत: बँकेत सोनं तारण ठेवा. वर्षाला १२ टक्के धरले तरी लाखाला महिन्याचे हजार, काकांकडे पाच. पैसे आले त्या दिवशी सोडवा. थकलं तर दागिने लिलावात जातात, म्हणून दुकानदाराचे पैसे येतील तेवढ्याचंच घ्या. विक्रीचे पैसे बँक खात्यातूनच फिरवा, पुढच्या हंगामात बँकेकडे सीसी, म्हणजे लागेल तेव्हा उचलायचं कॅश क्रेडिट, मागता येईल. मग वापरलेल्या दिवसांचंच व्याज.

कुडाळकर_आगळवाला: काकांना परवान्याचं विचारलं, फोनच ठेवला. दुकानदार २० हजार आगाऊ देतोय, भाव लिहून द्यायला मात्र टाळतोय. आणि आई बांगड्या द्यायला तयार नाही. साठ हजारांचेच रातांबे घेतले तर बरण्यांचा खर्च तरी निघेल का, कुणी सांगेल?