प्रतिसाद: अहवालातील आकडे

> "देणगीदारांच्या अहवालात 'वर्ग ४८, पालकसभा ६, पुस्तके ३००' अशी यादी जाते. त्याऐवजी काय लिहावे?"

पेठ तालुक्यातील वाचनवर्गाचे उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. जूनमध्ये ६० मुलांची नोंद झाली आणि प्रत्येकाला तोच छोटा परिच्छेद वाचायला दिला, तेव्हा ९ जणांना तो वाचता आला. मार्चमध्ये त्याच काठिण्यपातळीचा, पण नवा परिच्छेद दिला, तर हजर असलेल्या ४१ पैकी २६ जणांनी तो वाचला. "६३ टक्के मुले वाचू लागली" असे लिहिण्याचा मोह इथेच होतो. परंतु त्या २६ मध्ये आधीचे ९ आहेत, म्हणजे नव्याने वाचू लागलेली मुले १७. आणि उरलेली १९ मुले द्राक्षबागांच्या कामासाठी आईवडिलांबरोबर दिंडोरी-निफाडकडे गेल्यामुळे त्यांची चाचणीच झाली नाही. हे सारे दोन वाक्यांत सांगावे, तसेच ही मुले शाळेतही शिकत असल्याने सगळे श्रेय आपले नाही, हेही लिहावे. जूनची चाचणीच घेतली नसेल, तर प्रगतीचा दावा करू नये.

प्रसंग एकच द्यावा, पालकांच्या संमतीने व नाव बदलून. सर्वांत हुशार मुलाचा (तो सगळेच देतात) नको. जूनमध्ये 'क' आणि 'फ' यांत अडखळणारी मुलगी आता बोट ठेवून, थांबत थांबत, पण स्वतः परिच्छेद संपवते, एवढे पुरे. वर्गांची संख्या खर्चाच्या तक्त्याशेजारी ठेवावी.